नाव झाकलेली उत्तरपत्रिका : चिनी राजपरीक्षेची तेराशे वर्षं

इ.स. 828 मधली ही गोष्ट चिनी साहित्यात पुन्हा पुन्हा सांगितली गेली आहे. तांग राजवटीचा परीक्षक छुई यान लोयांगला परीक्षा घ्यायला निघाला होता. त्याच्या निरोपाच्या मेजवानीत वू वूलिंग नावाचे एक वयस्क पंडित आले आणि त्यांनी तू मू या तरुण कवीची रचना वाचून दाखवली. मग सरळ विचारलं, ‘याला पहिला क्रमांक द्याल का?’ पहिला क्रमांक आधीच कुणाला तरी कबूल झाला होता. त्याखालचेही गेले होते. शेवटी पाचव्यावर तडजोड झाली. परीक्षा अजून व्हायची होती, आणि तू मू पाचवा आला!

तू मू खरोखरच मोठा कवी होता, त्यामुळे या प्रकारात कुणाला वावगं वाटलं नाही. तांग काळातली रीतच तशी होती. परीक्षार्थी आपल्या कवितांच्या गुंडाळ्या घेऊन राजधानीतल्या बड्या लोकांच्या दारी फिरत आणि कुणाचा तरी शब्द पडेल याची वाट पाहत. उत्तरपत्रिकेवर नाव उघड लिहिलेलं असे. परीक्षकाने उमेदवाराचं कुळ, कीर्ती आणि वागणूक बघूनच निकाल द्यावा, हे त्या काळी न्याय्यच मानलं जाई.

चीनची राजपरीक्षा म्हणजे केजू. तिचा इतिहास सांगताना बहुतेक जण तिथला अभ्यासक्रम आणि तिथले पंडित यांच्याविषयी बोलतात. मला तिची वाटचाल या एका प्रश्नाच्या मागे जाताना दिसते : उत्तरपत्रिका कुणाची आहे हे परीक्षकाला कळू द्यायचं की नाही?

परीक्षा सुरू होण्याआधी अधिकारी निवडण्याचं काम स्थानिक ‘निवाडेदारां’कडे असे. तिसऱ्या शतकापासून प्रत्येक प्रांतात असा एक अधिकारी तिथल्या माणसांना नऊ श्रेणींत बसवायचा आणि श्रेणीप्रमाणे पद मिळायचं. निवाडेदार स्वतः घरंदाज कुळातला असल्यामुळे वरच्या श्रेणी घरंदाज कुळांतच फिरत राहिल्या. सहाव्या शतकाच्या शेवटी स्वै घराण्याने चीन पुन्हा एका छत्राखाली आणला, तेव्हा या कुळांचं बळ मोडणं सम्राटाच्या फायद्याचं होतं. श्रेणींची पद्धत मोडीत निघाली आणि 605 च्या सुमारास ‘चिन्शी’ ही पदवी परीक्षेने द्यायला सुरुवात झाली. पुढची तेराशे वर्षं हीच पदवी सर्वांत मानाची राहिली.

तांग काळात ही वाट मोठी नव्हती. वर्षाला वीस-तीस चिन्शी होत, आणि एवढ्या अफाट साम्राज्याचा कारभार तेवढ्यावर चालणं शक्यच नव्हतं. बाकीची पदं घराण्यावर आणि वशिल्यावरच भरली जात. चिन्शी झालं तरी नेमणुकीसाठी वेगळी चाचणी द्यावी लागे. तिच्यात शरीरयष्टी, बोलणं, अक्षर आणि निवाडा लिहिण्याची हातोटी बघितली जाई.

खरा बदल सोंग राजवटीत झाला. 973 मध्ये निकालात पक्षपात झाल्याची तक्रार सम्राटापर्यंत गेली, तेव्हा त्याने उमेदवारांची फेरपरीक्षा स्वतःच्या देखरेखीखाली राजवाड्यात घेतली. राजवाड्यातली ही अंतिम परीक्षा तिथून कायमची झाली. मग एकेक पळवाट बुजवण्याचं काम सुरू झालं. 992 मध्ये परीक्षकांना नेमणूक होताच घरीसुद्धा न जाऊ देता परीक्षागृहात कोंडण्याचा पायंडा पडला. त्याच वर्षी राजवाड्यातल्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवरचं नाव कागद चिकटवून झाकायला सुरुवात झाली. नाव झाकलं तरी अक्षर ओळखू येतं, हे थोड्याच दिवसांत लक्षात आलं. म्हणून 1015 मध्ये नकला करणारं स्वतंत्र कार्यालयच उभं राहिलं. उमेदवाराची मूळ उत्तरपत्रिका कुलपात राहायची, कारकून ती शब्दन् शब्द उतरवून काढायचे, दुसरे कारकून ती ताडून बघायचे, आणि परीक्षकाच्या हाती फक्त नक्कल पडायची. हजारो माणसांच्या उत्तरपत्रिका हाताने पुन्हा लिहून काढण्याचा हा खर्च एका राज्याने शतकानुशतकं सोसला, याचं मला आजही नवल वाटतं.

या यंत्रणेचा कस 1057 मध्ये लागला. त्या वर्षी मुख्य परीक्षक होते ओउयांग श्यू, त्या काळचे सर्वांत नावाजलेले लेखक. अवघड शब्दांनी फुगवलेल्या निबंधांची तेव्हा फॅशन होती, आणि साध्या, नितळ गद्याचे पुरस्कर्ते असलेल्या ओउयांग यांनी ते निबंध धडाधड नापास केले. वाचताना एक निबंध त्यांना इतका आवडला की तो पहिलाच ठेवावा असं त्यांच्या मनात आलं. पण असं लिहिणारा आपला शिष्य त्संग गोंगच असणार, आणि शिष्याला पहिला क्रमांक दिला तर लोक काय म्हणतील, या विचाराने त्यांनी तो दुसऱ्या क्रमांकावर टाकला. नावं उघडल्यावर कळलं की निबंध विशीतल्या सू शी या मुलाचा होता, सिचुआनहून वडील आणि भावासोबत आलेल्या. पुढे हाच चीनचा अतिशय लाडका कवी झाला. त्याचा भाऊ आणि त्संग गोंग हे दोघेही त्याच वर्षी उत्तीर्ण झाले. नापास झालेल्यांनी मात्र ओउयांग यांना रस्त्यात गाठून शिव्याशाप दिले.

तू मूची कविता कुणी तरी वाचून दाखवली म्हणून तो पाचवा आला होता. सव्वादोनशे वर्षांनी सू शी कोण आहे हे कळलंच नाही म्हणून दुसरा आला. या मधल्या काळात संस्थेने जे कमावलं ते मला फार मोलाचं वाटतं. ओउयांग यांचा अंदाज चुकला, एका गुणी मुलाचा पहिला क्रमांक गेला. तरी यंत्रणा आपल्या कामात चोख ठरली.

सोंग काळात उत्तीर्णांची संख्याही कित्येक पटींनी वाढली आणि वर्षाला सरासरी दोनशेच्या आसपास गेली. छापखाने सुरू झाले होते, पुस्तकं स्वस्त झाली होती, दर तीन वर्षांनी परीक्षा हा क्रम ठरून गेला होता. पुढे मंगोलांनी ही परीक्षा बराच काळ बंद ठेवली. 1315 मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ‘चार ग्रंथ’ आणि त्यांवरचं सोंग काळातले पंडित चू शी यांचं भाष्य हा तिचा पाया ठरला. हा पाया 1905 पर्यंत हलला नाही.

मिंग काळात एक नवाच पेच पुढे आला. 1397 च्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले सगळेच्या सगळे दक्षिणेकडचे निघाले. यांग्त्से नदीच्या दक्षिणेला सुबत्ता, छापखाने, शाळा. उत्तर शंभर-दीडशे वर्षांच्या लढायांनी होरपळलेली. परीक्षकांना नावं दिसत नव्हती, तेव्हा पक्षपात झाला असं म्हणायला जागा नव्हती. पण उत्तरेकडचे उमेदवार खवळले. सम्राटाने चौकशी नेमली, आणि चौकशी करणाऱ्यांनीही निकाल बरोबर असल्याचं सांगितल्यावर त्याने परीक्षक आणि चौकशी करणारे अशा कित्येकांना देहदंड दिला. वृद्ध मुख्य परीक्षकाला सीमेवर हद्दपार केलं. मग सम्राटाने स्वतः दुसरी परीक्षा घेतली आणि तिच्या यादीत एकजात उत्तरेकडची नावं आली. 1420 च्या दशकात यावर कायमचा तोडगा निघाला : शंभरातल्या 55 जागा दक्षिणेला, 35 उत्तरेला, 10 मधल्या प्रदेशाला. नाव झाकलेलंच राहिलं, पण उत्तरपत्रिकेवर ‘दक्षिण’ किंवा ‘उत्तर’ अशी खूण आली. नुसती गुणवत्ता मोजली तर साम्राज्याचा अर्धा भाग कारभारातून बाहेर पडतो, हे राज्यकर्त्यांना कळून चुकलं होतं.

मिंग काळाच्याच मध्यावर तो बदनाम ‘आठ अंगांचा निबंध’ पक्का झाला. याची चेष्टा पुष्कळ झाली आहे. पण तो का आला हे समजून घ्यायला हवं. हजारो निबंध, मोजके परीक्षक, वीसेक दिवसांची मुदत, आणि लिहिणारा कोण हे माहीत नाही. तुलना करायला काही तरी पक्कं माप लागतंच. म्हणून निबंधाचा साचा ठरला. विषय असायचा चार ग्रंथांतलं एखादं वाक्य. पहिल्या दोन वाक्यांत विषय ‘फोडायचा’, म्हणजे त्याचा गाभा सांगायचा. मग तो पुढे न्यायचा, थोडं उलगडायचं, आणि नंतर जोडीजोडीने परिच्छेद लिहायचे. जोडीतल्या दोन्ही अंगांची लांबी सारखी, वाक्यरचना सारखी, शब्दाला शब्द तोलून धरलेला. आवाज त्या ग्रंथांतल्या ऋषींचा घ्यायचा, आणि त्यांच्या काळानंतरच्या कुठल्याही घटनेचा उल्लेख करायचा नाही. छिंग काळात लांबीही ठरली, जास्तीत जास्त सातशे अक्षरं. तोल कुठे ढळला हे परीक्षकाला एका नजरेत दिसे.

घोटाळा पुढे झाला. चार ग्रंथांचा मजकूर तो केवढा! दोन-तीनशे वर्षांत त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यावर प्रश्न येऊन गेला. बाजारात उत्तीर्णांच्या निबंधांचे संग्रह ढिगाने मिळू लागले आणि मुलं मूळ ग्रंथ बाजूला ठेवून तेच घोकू लागली; आपल्याकडच्या ‘अपेक्षित प्रश्नसंचां’सारखंच. त्यावर परीक्षकांनी तोड काढली. एका वाक्याची शेपटी आणि पुढच्या वाक्याचं डोकं जोडून अर्थहीन विषय द्यायला सुरुवात केली. यात उमेदवाराची हुशारी दिसायची, पण ग्रंथाचा अर्थ हरवायचा. निष्पक्ष मोजमापाच्या हट्टापायी मोजायची वस्तूच पोकळ झाली, असं माझं मत आहे. परीक्षेच्या तिसऱ्या सत्रात राज्यकारभारावरचे प्रश्न असत. जलव्यवस्थापन, करपद्धती, सीमेचं संरक्षण असे महत्त्वाचे विषय त्यांत येत. पण परीक्षक थकलेले असत, आणि निकाल पहिल्या सत्रातल्या निबंधांवरच लागून जाई.

आता परीक्षा प्रत्यक्षात कशी होई ते बघू. छिंग काळात पायऱ्या अशा होत्या : तालुका, जिल्हा आणि प्रांताचा शिक्षणाधिकारी अशा तीन चाळण्यांतून गेलं की शंगयुआन ही पहिली पदवी, मग प्रांतिक परीक्षेत च्यूरन, मग राजधानीत आणि शेवटी राजवाड्यात चिन्शी. सर्वांत जीवघेणी होती ती प्रांतिक परीक्षा. नानजिंगच्या परीक्षागृहात वीस हजारांहून जास्त कोठड्या होत्या आणि उत्तीर्ण होणाऱ्यांच्या जागा शंभराच्या थोड्या वर. शंभरात एखादाच पार पडे.

आठव्या चांद्रमासात तीन सत्रं होत. प्रत्येक सत्राला उमेदवार आत जाऊन दोन रात्री तिथेच राही. दारात अंगझडती होई, अंथरूण उसवून बघितलं जाई. जेवण, मेणबत्त्या, शाई, अंथरूण, लघवीचं भांडं, सगळं स्वतः आणायचं. कोठडी जेमतेम हातभर-दोन हात रुंद, पुढून उघडी. आत दोन फळ्या : एक बसायला, एक लिहायला, आणि रात्री दोन्ही जोडून पाय मुडपून झोपायला. पाऊस आला तर कागद भिजू नये म्हणून पडदा धरायचा. गल्लीच्या टोकाला शौचकूप असे आणि त्याच्या शेजारची कोठडी वाट्याला आली तर माणूस आधीच निम्मा हरलेला. उमेदवार काळ्या शाईने लिहायचा, नक्कल लाल शाईत व्हायची, ताडून पाहणाऱ्याची शाई पिवळी, खालच्या परीक्षकाची निळी. कुणी कुठे हात घातला हे रंगावरून लगेच कळे.

एवढ्या कडेकोट व्यवस्थेतही नशीब शिल्लक होतंच. खालच्या परीक्षकांनी शिफारस केलेल्याच उत्तरपत्रिका मुख्य परीक्षकापुढे जात. 1832 मध्ये हुनान प्रांतात मुख्य परीक्षकाने सम्राटाच्या आज्ञेवरून नाकारलेल्या हजारो उत्तरपत्रिकांचा ढीग पुन्हा उपसला आणि त्यातून सहा काढल्या. त्यात पहिली होती त्सो त्सोंगथांगची. पुढे राजधानीच्या परीक्षेत तो तीनदा नापास झाला, आणि तरीही छिंग साम्राज्याच्या सर्वांत मोठ्या सेनापतींपैकी एक बनला. तो ढीग उपसला गेला नसता तर तो च्यूरनही झाला नसता.

परीक्षागृहाच्या दारापर्यंत पोचणं हे मात्र घराचं काम होतं, आणि तिथे कुणाचंही नाव झाकलेलं नव्हतं. जपानी इतिहासकार मियाझाकी यांनी पाठ कराव्या लागणाऱ्या मूळ ग्रंथांची अक्षरं मोजली, ती चार लाखांवर भरली. रोज दोनशे अक्षरं घोकली तरी सहा वर्षं लागतात, आणि हे नुसतं मूळ. भाष्यं, इतिहास, नमुने वेगळे. एवढी वर्षं ज्या मुलाला शेतावर जावं लागत नाही, त्याच्यासाठी ही परीक्षा. स्त्रियांना बंदी होती. नट, वेश्या आणि कचेरीतले शिपाई यांच्या घराण्यांतल्या मुलांनाही बंदी होती. आईवडिलांच्या सुतकाची 27 महिन्यांची मुदत संपेपर्यंत परीक्षेला बसता येत नसे. परीक्षेला न बसू शकणाऱ्या आयाच कितीतरी घरांत मुलांच्या पहिल्या शिक्षिका असत.

म्हणून कुळांनी एकत्र येऊन खर्च उचलला. 1050 च्या सुमारास फान चोंगयेन यांनी सूचौमध्ये आपल्या भाऊबंदांसाठी जमिनी लावून दिल्या. पुढे त्यांच्या उत्पन्नातून परीक्षेला जाणाऱ्या मुलांना पैसे मिळू लागले, आणि त्या नमुन्यावर शेकडो कुळांनी जमिनी, शाळा उभारल्या. व्यापारी घरात एक मुलगा दुकानात, एक पुस्तकात अशी वाटणी होई. पिंग-ती हो या इतिहासकाराने मिंग-छिंग काळातल्या चिन्शींच्या वंशावळी तपासल्या, तेव्हा साधारण 30 टक्के अशा घरांतले निघाले जिथे आधीच्या तीन पिढ्यांत एकही पदवी नव्हती. पुढच्या संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतला, की काका, मामा, सासरे आणि कुळाची मालमत्ता मोजली तर चित्र बदलतं. मला दोन्ही खरं वाटतं. दार उघडं होतं, आणि दारापर्यंतचा रस्ता बहुतेकांसाठी बंद होता.

नापासांचं काय? पू सोंगलिंग हा कथाकार 19 व्या वर्षी पहिल्या पदवीच्या तिन्ही चाळण्यांत पहिला आला आणि प्रांतिक परीक्षेत म्हातारपणापर्यंत नापास होत राहिला. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून त्याने पोट भरलं आणि भुतांच्या गोष्टी लिहिल्या. होंग श्यूछ्वान पहिल्या पदवीलाच चारदा नापास झाला. 1837 च्या अपयशानंतर तो तापाने फणफणला, त्याला दृष्टान्त झाले, आणि पुढे त्याने उभ्या केलेल्या ताइपिंग बंडात कोट्यवधी माणसं मेली. त्या बंडखोर राज्यानेही स्वतःच्या परीक्षा घेतल्या.

आता शाओशिंगच्या चौ घराण्याची हकिगत. चौ फूछिंग 1871 मध्ये चिन्शी झाला आणि घर वर आलं. 1893 मध्ये आईच्या सुतकासाठी तो गावी होता आणि त्याचा मुलगा प्रांतिक परीक्षेला बसणार होता. मुख्य परीक्षक म्हणून जो येत होता तो त्याच्याच वर्षी उत्तीर्ण झालेला, म्हणजे चिनी रिवाजाप्रमाणे भावासारखा. फूछिंगने मोठ्या रकमेची हुंडी आणि एक चिठ्ठी नोकराहाती पाठवली. चिठ्ठीत स्वतःच्या मुलासाठी आणि गावातल्या आणखी काही घरांसाठी शब्द घातला होता, आणि निबंधात कुठे कोणते शब्द येतील तेही कळवलं होतं. 1015 पासून नाव आणि अक्षर दोन्ही झाकलेलं असल्यामुळे लाच द्यायलाही आता अशा सांकेतिक शब्दांचीच गरज होती. सूचौच्या घाटावर परीक्षकाच्या नावेत दुसरा अधिकारी बसलेला होता, म्हणून परीक्षकाने चिठ्ठी न उघडता बाजूला ठेवली. बाहेर थांबलेल्या नोकराने एवढ्या रकमेची पोच का देत नाही म्हणून आरडाओरडा केला, असं सांगतात. सगळं उघडकीला आलं.

अशा गुन्ह्याला सरकार क्षमा करत नसे. 1859 मध्ये राजधानीतल्या एका परीक्षा-प्रकरणात खुद्द महामात्याचा शिरच्छेद झाला होता. फूछिंगला देहदंड झाला, पण अंमलबजावणी राखून ठेवून तुरुंगात टाकलं गेलं. दरवर्षी शिक्षा पुढे ढकलून घेण्यासाठी जमिनी विकल्या गेल्या. मुलाची पदवी काढून घेतली. तो आजारी पडला आणि 1896 मध्ये गेला. बारा-पंधरा वर्षांचा नातू गहाणाच्या दुकानातून औषधाच्या दुकानात खेपा घालत होता. 1898 मध्ये हा नातूही तालुका परीक्षेला बसून आला, पण पुढच्या चाळणीला गेला नाही. तो लू शुन, आधुनिक चिनी साहित्याचा जनक.

तोवर संस्थेचे दिवस भरत आले होते. जपानकडून पराभव झाला, परकीय सैन्य राजधानीत घुसलं, 1900 मध्ये बीजिंगचं परीक्षागृह जळालं. 1901 मध्ये आठ अंगांचा निबंध रद्द झाला. शेवटची चिन्शी परीक्षा 1904 मध्ये झाली, आणि तिचा राजवाड्याआधीचा टप्पा काइफंग शहरात घ्यावा लागला. ल्यू छुनलिन हा शेवटचा पहिला. युआन शिकाई, चांग चीतुंग प्रभृतींनी निवेदन दिलं, की जुनी परीक्षा चालू असेपर्यंत नव्या शाळांत कुणी मुलं घालणार नाही; आणि सप्टेंबर 1905 च्या फर्मानाने ती बंद झाली. खेड्यापाड्यांतल्या हजारो पंडितांची पंतोजीगिरी एका फटक्यात गेली.

गंमत म्हणजे तोपर्यंत ब्रिटिशांनी स्पर्धा परीक्षा उचलली होती. ती स्वीकारावी की नाही या लंडनमधल्या वादात चीनचं उदाहरण दोन्ही बाजू देत. 1855 पासून भारतातल्या मुलकी सेवेची भरती परीक्षेने होऊ लागली, आणि 1869 च्या यादीत सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त यांच्याबरोबर मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर यांचंही नाव होतं.

ही संस्था माणसाला आतून काय करायची हे जाणायचं असेल, तर लू शुनची ‘खोंग यीची’ ही 1919 मधली छोटी कथा जरूर वाचा. पहिली पदवीही न मिळालेला, लांब झगा न सोडणारा, गुत्त्यात उभा राहून पिणारा तो माणूस लू शुनने फार जवळून पाहिलेल्या जगातला आहे. आजोबांच्या चिठ्ठीनंतर सव्वीस वर्षांनी त्याने ती लिहिली.